विश्लेषण : आजोबांची येझदी रस्त्यावर आणताना रंग सगळ्यात शेवटी का?

आजोबांच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षे गोठ्याच्या आडोशाला उभी असलेली मोटरसायकल बाहेर काढली जाते, तेव्हा बहुतेक घरांतून पहिला फोन जातो तो पेंटरला. चार-सहा आठवड्यांत टाकी आरशासारखी चमकू लागते आणि फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पडतात. गाडी मात्र सुरू होत नाही. मग वायरिंगवाला चेसिसवरचा नवा रंग खरवडतो, इंजिन दोनदा उतरवावे लागते, पाना निसटून मडगार्डला पोचे पडतात. तोवर पैसे संपतात आणि गाडी पुन्हा आडोशाला जाते. जुन्या गाड्या अर्धवट राहतात त्या सुटे भाग मिळत नाहीत म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कामाचा क्रम उलटा लागलेला असतो.

पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांत सापडेल अशी गाडी उदाहरणाला घेऊ. १९७० च्या दशकातली, डायनॅमोवर चालणारी, सहा व्होल्टची येझदी २५०. कोल्हापूरजवळच्या एखाद्या गावात ती दोन दशके उभी आहे. टाकीत पेट्रोलचा वाळलेला राप आहे, किक दबत नाही, हेडलाइटच्या डब्यात मातीचे घर आहे आणि आरसी बुक आजोबांच्या नावावर आहे.

ही गाडी वेगळी कशी?

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीच्या परवान्याखाली १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या बनवायला घेतल्या. १९७३ पासून त्याच घराण्याच्या गाड्या ‘येझदी’ नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ नंतर जावा आणि येझदी ही नावे बाजारात परत आली, पण त्या गाड्या चार स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आहेत. त्यांचा एकही महत्त्वाचा भाग आजोबांच्या गाडीला बसत नाही. दुकानात ‘येझदीचा पार्ट’ मागितल्यावर हा घोळ हल्ली होतो, म्हणून मॉडेल आणि साल आधी सांगावे.

इंजिन दोन स्ट्रोकचे, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांचा एकच दांडा. हा दांडा आत दाबून वर फिरवला की तो किक होतो. गाडी जाम असताना याच दांड्यावर उभे राहून जोर लावला जातो आणि आतले दाते झिजतात किंवा तुटतात. त्याऐवजी प्लग काढून त्या भोकातून थोडे डिझेल आणि ऑइल सोडावे, दोन-चार दिवस थांबावे आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहावे. पिस्टन सुटला तर असाच सुटतो. नाही सुटला तर सिलिंडर उतरवायचा, हाणामारी करायची नाही.

गंज : कुठला वरवरचा, कुठला जीवघेणा?

गंज दिसायला सगळीकडे तांबडाच असतो, त्यामुळे घाबरायचे कशाला हे चटकन कळत नाही. सायलेन्सरवर किंवा रिमवर दिसणारी तांबूस बुरशी बहुधा वरवरची असते. अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला तरी ती बरीच निघते, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. संडास साफ करण्याचे अॅसिड मात्र क्रोमला लावू नये. गंज दहा मिनिटांत जातो खरा, पण सोबत क्रोमही जातो आणि खालचे लोखंड पावसाळ्यात आणखी जोरात गंजते.

काळजी करायची ती जिथे पाणी साचते त्या जागांची. बॅटरीच्या पेटीखालचा भाग, कारण तिथे अॅसिड गळलेले असते. चेसिसच्या खालच्या नळ्या, मडगार्डच्या आतली शिवण, स्टँडची जोडणी आणि रिमला जिथे स्पोक बसतात ती भोके. इथे छोट्या हातोडीने टिचकी मारत जावे. धड लोखंड खणखणीत वाजते. आतून खाल्लेले बद्द वाजते. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पापुद्रा सुटून खड्डा दिसला तर घासून प्रायमर चालेल. टोक आत गेले तर तो तुकडा कापून नवा पत्रा किंवा नळी वेल्ड करावी लागेल. पुट्टीने भरलेले भोक दिसत नाही एवढेच. चेसिसच्या बाबतीत ते भरणे म्हणजे चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

सँडब्लास्टिंगचा मोह सगळ्यांना होतो. जाड चेसिसला ते चांगले. मडगार्ड, साइड पॅनल अशा पातळ पत्र्याला त्याने लहरी पडतात. इंजिनाच्या केसवर तर ते करूच नये. वाळूचा एक कण बेअरिंगपर्यंत पोहोचला तरी नवे इंजिन काम परत खोलावे लागते.

टाकीच्या आतला गंज कसा काढायचा?

सगळ्या गंजकामात वेळ द्यावा असे काम हेच, कारण टाकीतून सुटलेली तांबडी भुकटी कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते आणि मग मेकॅनिक महिनाभर इग्निशनमध्ये दोष शोधत बसतो. आधी पेट्रोलचा कॉक काढावा आणि टॉर्चने आत पाहावे. मूठभर नट आणि थोडे रॉकेल घालून टाकी हलवली की सुटा गंज पडतो. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत.

उरलेल्या गंजासाठी विजेची पद्धत सगळ्यात कमी नुकसान करणारी आहे. टाकी डिटर्जंटच्या पाण्याने चार-पाच वेळा धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवायचा. हा टप्पा वगळला तर पुढे ठिणगीने स्फोट होऊ शकतो. मग कॉकचे भोक बुच लावून बंद करायचे, टाकी पाण्याने काठोकाठ भरायची आणि त्यात धुण्याचा सोडा घालायचा. चार-पाच लिटरला एक मोठा चमचा या हिशेबाने तेरा-चौदा लिटरच्या टाकीला तीन चमचे पुरतात. तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडायची आणि ती टाकीला कुठेही टेकणार नाही अशी रबराच्या तुकड्याने अडकवायची. बॅटरी चार्जरचे निगेटिव्ह टोक टाकीला, पॉझिटिव्ह सळईला. उलटे जोडले तर सळईऐवजी टाकी खाल्ली जाते. चिमटे आधी लावून मग चार्जर चालू करावा, आणि बंद करताना आधी स्विच, मग चिमटे.

थोड्या वेळाने तोंडातून बुडबुडे आणि तपकिरी फेस येऊ लागतो. हा हायड्रोजन असतो, म्हणून काम उघड्यावर करायचे आणि जवळपास विडीसुद्धा पेटवायची नाही. सळई गंजाने माखली की काढून घासायची आणि परत सोडायची. एक-दोन दिवसांत आतला पत्रा करडा दिसू लागतो. दोन गोष्टी चुकवू नयेत. स्टेनलेस स्टीलची सळई वापरू नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते; आणि सोड्याऐवजी मीठ घालू नये, कारण त्यातून क्लोरीन सुटतो. टाकीच्या बाहेरच्या क्रोमला या सगळ्यात धक्का लागत नाही, अॅसिडपेक्षा हा मोठा फायदा.

पाणी ओतल्यावरची दहा मिनिटे महत्त्वाची. ओला, नागडा पत्रा डोळ्यादेखत पुन्हा तांबूस होतो. ताबडतोब गरम हवेने वाळवून आत टूटी ऑइल फिरवावे. गंज निघाल्यावर बारीक भोके उघडी पडली तर ती ब्रेझिंग करणाऱ्या जाणत्या कारागिराकडूनच बुजवावीत. आता पंपावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतली ओल ओढते. त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे बरे. जुन्या रबरी नळ्याही अशा पेट्रोलने फुगतात. त्या सरळ बदलाव्यात.

वायरिंग : सुरुवात कुठून?

‘सहा व्होल्टची गाडी, लाइट मिणमिणताच असणार’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की लोक पहिल्याच आठवड्यात बारा व्होल्टचे किट शोधू लागतात. थोडे गणित केले तर दोष कुणाचा हे दिसते. ३५ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर ओढतो, बारा व्होल्टवर त्याच्या निम्मे. आता स्विच, जुनी वायर आणि गंजलेले अर्थिंग मिळून सगळ्या जोडांत फक्त ०.२ ओहमचा अडथळा आहे असे धरू. बारा व्होल्टच्या गाडीत तेवढ्याने बल्बला साधारण साडेअकरा व्होल्ट मिळतात आणि फारसा फरक जाणवत नाही. सहा व्होल्टच्या गाडीत मात्र पाचच व्होल्ट उरतात. व्होल्टेज थोडे घसरले की बल्बचा उजेड त्याहून कितीतरी वेगाने घसरतो, त्यामुळे उजेड जवळपास निम्मा होतो. म्हणजे सहा व्होल्टची यंत्रणा कमजोर असण्यापेक्षा खराब जोड तिला सोसत नाहीत, ही खरी अडचण. हे जोड तसेच ठेवून बारा व्होल्ट केले तर आजार झाकला जातो, बरा होत नाही.

म्हणून पहिले काम अर्थिंगचे. अशा गाडीत परतीचा प्रवाह चेसिसमधून जातो. चेसिस गंजलेली असली की वाट अडते, आणि गंमत म्हणजे नवी पावडर कोटिंग केली तरीही अडते, कारण तो थर विजेला पूर्ण बंद असतो. बॅटरीपासून इंजिनाला एक आणि हेडलाइटच्या डब्याला एक अशा अडीच चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र अर्थिंग वायरी टाकाव्यात. या दोन वायरींनी जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बल्बने पडत नाही.

दुसरे काम इग्निशनचे : स्विच, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर. चाळीस वर्षांची वायर वरून धड दिसली तरी सोलल्यावर आतले तांबे काळे किंवा हिरवे निघते. अशी वायर जोडत बसू नये, पूर्ण बदलावी. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. गाडी चालू असताना पॉइंटमध्येच मोठ्या ठिणग्या दिसत असतील आणि प्लगवरची ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कंडेन्सर गेला असे समजावे. तो त्याच कंपनीचा असलाच पाहिजे असे नाही. चारचाकीचा कंडेन्सर बाहेरच्या बाजूला बसवूनही काम चालते.

तिसरे चार्जिंग. डायनॅमो मेला असे ठरवण्याआधी कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात ती तांब्याची पट्टीदार फिरकी पाहावी. ती बारीक पॉलिश पेपरने साफ करावी. एमरी पेपरचे कण तिथे अडकले तर शॉर्ट होतो. ब्रेक लाइट आणि हॉर्न त्यानंतर, हेडलाइट सगळ्यात शेवटी. मुख्य वायरीवर बॅटरीजवळ एक फ्यूज हवाच. वायरी पिळून वर टेप गुंडाळण्याची आपल्याकडची सवय इथे सोडावी आणि प्रत्येक टोकाला लग दाबून बसवावा.

काम झाले का, हे मल्टिमीटर सांगतो. हेडलाइट चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या टोकाला आणि दुसरी बल्बच्या त्याच बाजूच्या टोकाला लावायची. आकडा पाव व्होल्टच्या आत असला तर बाजू चांगली. मग हीच तपासणी अर्थिंगच्या बाजूने. जास्त आकडा आला तर एकेक जोड ओलांडत मागे यायचे. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तोच चोर. एवढे करूनही रोज रात्री हमरस्त्यावर गाडी चालवायची असेल तर बारा व्होल्ट करणे समजण्यासारखे आहे. मूळ डायनॅमो आणि कटआउट मात्र तेल लावून डब्यात जपून ठेवावेत. भंगारात गेलेला डायनॅमो परत मिळवताना नवे किट स्वस्त होते असे वाटू लागते.

गाडी सुरू झाली, पण धूर थांबत नाही

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या दोन स्ट्रोकच्या गाडीत हमखास जाणारी वस्तू म्हणजे क्रँकची ऑइल सील. रबर कडक होते. क्लचच्या बाजूची सील गेली तर इंजिन तिथले ऑइल आत ओढून जाळते. पांढरा धूर थांबत नाही आणि आठवड्याभरात ऑइलची पातळी खाली गेलेली दिसते. डायनॅमोच्या बाजूची सील गेली तर तिथून हवा शिरते, गाडी आपोआप रेस होते आणि गरम झाल्यावर पिस्टन पकडण्याची भीती असते. कार्ब्युरेटरचे कितीही स्क्रू फिरवले तरी हे सुधारत नाही. सीलचा खर्च किरकोळ, पण आतली सील बदलायला इंजिन उघडावे लागते. रंग आधी केलेला असेल तर खरी हळहळ इथे होते.

चार स्ट्रोकच्या गाड्यांवर वाढलेल्या नातवाने एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी. या गाडीत पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळावे लागते, लिटरला साधारण ४० मिली. पंपावर विसरून टाकी भरली तर काही किलोमीटरांत पिस्टन जाम.

बंद झालेले भाग कुठून आणायचे?

यादी करताना गाडीचे नाव विसरायचे, हा यातला मुख्य मंत्र. इंजिनातले बेअरिंग येझदीचे नसते, ते जगभरच्या एका मापाचे असते. बेअरिंगवर ६३०५ असा आकडा कोरलेला असेल तर त्याचा अर्थ भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२ आणि जाडी १७. हे कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. ऑइल सीलचेही तसेच, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. जुना भाग सोबत नेला की काम होते. म्हणून एकही तुटका तुकडा फेकू नये. प्रत्येकाला पिशवी आणि चिठ्ठी.

दुसरा गट नव्याने बनवल्या जाणाऱ्या भागांचा. केबल, रबरी बूट, गॅस्केट, बिल्ले, सायलेन्सर असे बरेच काही पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत चौकशी केली तर सापडते. दर्जा मात्र दुकानागणिक बदलतो. नवा सायलेन्सर हातात घेऊन जुन्याशी वजनाने ताडून पाहावा. फार हलका वाटला तर पत्रा पातळ आहे. मूळ सायलेन्सर कुजला नसेल तर आतला कार्बन काढून तोच वापरणे शहाणपणाचे, आवाजही त्याचाच खरा. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावाचे भाग अजून विकले जातात, पण म्हैसूरच्या गाड्यांत पुढे बदल होत गेले होते. तेव्हा माप जुळवल्याशिवाय मागवू नये, वर सीमाशुल्कही पडते.

तिसरा गट खरोखर न मिळणाऱ्यांचा. इथे दुकानापेक्षा कारागीर उपयोगी. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी लेथवर बुश, स्पिंडल, न मिळणाऱ्या आट्यांचे बोल्ट बनवून मिळतात. आर्मेचर नव्याने वाइंड होते, क्रँक नवा कनेक्टिंग रॉड घालून बांधून घेता येतो. सिलिंडर बोअर करताना आधी पिस्टन हातात आला पाहिजे, मग त्याच पिस्टनचे माप घेऊन बोअर. उलट केले आणि त्या साइजचा पिस्टन मिळालाच नाही, तर सिलिंडर वाया.

भागांसाठी दुसरी मोडकी गाडी किंवा अख्खे इंजिन विकत घेणे हा जवळचा रस्ता वाटतो. त्यात कागदांचा फास आहे. इंजिनाच्या केसवर कोरलेला नंबर आरसीत असतो. दुसऱ्या गाडीचे केस बसवले की नंबर जुळत नाही, आणि ती गाडी चोरीची निघाली तर प्रश्न पोलीस ठाण्यापर्यंत जातो. आतले गिअर, क्रँक काढून घ्यावेत, केस आपलेच ठेवावे आणि विकणाऱ्याकडून त्याच्या आरसीची प्रत आणि लेखी पावती घ्यावी.

रंगाआधी नंबर

टाकी स्वच्छ, वायरिंग पक्के, गाडी रंगाशिवाय दोन-तीनशे किलोमीटर चाललेली आणि गळती, आवाज, तापणे सगळे निस्तरलेले. आता ती पुन्हा खोलून रंगाला द्यायला हरकत नाही. देण्याआधी चेसिस नंबर शोधून त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा, फोटो काढावा आणि ब्लास्टिंगवाल्याला ती जागा टेपने झाकायला सांगावी. पावडर कोटिंगचा जाड थर कोरलेले आकडे बुजवतो, ग्राइंडर तर पुसूनच टाकतो. आकडे वाचता आले नाहीत तर आरटीओतली तपासणी तिथेच अडते.

कागदांचे काम मात्र गाडी उघडण्याच्या दिवशीच सुरू करावे. मालकाच्या मृत्यूनंतर नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ आणि वारसांची संमती लागते, पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५. काका-आत्यांच्या सह्या मिळवायला कधी कधी क्रँक बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि चमकणारी गाडी दारात उभी असताना तर त्या आणखी अवघड होतात. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीचाही मार्ग आहे. तिचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आजोबांसारखे तिच्यावरून बाजाराला जायचे असेल तर नेहमीचे नूतनीकरण निवडावे.